ई-मेलद्वारे कमिशन एजंटांची नेमणूक

ठरावीक पगार न देता, विक्रीवर टक्केवारी देऊन माल खपवणारी माणसे ई-मेलने मिळवण्याची ही पद्धत आहे. आडत आणि दलाली बाजाराला जुनीच, पण तिथे व्यवहार समोरासमोर ठरतो. ई-मेलमध्ये पहिलेच पत्र पुढे अटींचा पुरावा ठरते, म्हणून त्यातला शब्द न् शब्द तोलून लिहावा लागतो.

या पत्रातला कळीचा प्रश्न टक्केवारीचा नाही. कमिशन नेमके केव्हा देय होते, हा आहे. ऑर्डर आली तेव्हा, बिल फाडले तेव्हा की गिऱ्हाइकाचे पैसे खात्यात जमा झाले तेव्हा? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१९ नुसार वेगळा करार नसेल, तर सोपवलेले काम पूर्ण झाल्याखेरीज एजंटाचा मोबदला देय होत नाही. पण ‘काम’ म्हणजे ऑर्डर आणणे की वसुली करणे, हे पत्रात लिहिलेले नसेल, तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ लावतात. बहुतेक भांडणे इथेच सुरू होतात.

उदाहरणादाखल सांगलीतला एक मसाल्याचा कारखाना नाशिकसाठी एजंट शोधतो आहे, असे धरू. त्याच्या पत्रातला मुख्य मजकूर असा असेल: ‘जीएसटी वगळून बिलाच्या रकमेवर ६ टक्के कमिशन. गिऱ्हाइकाची रक्कम आमच्या खात्यात जमा झाल्यावरच ते देय. परत आलेल्या मालावर कमिशन नाही. महिन्याचा हिशेब पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला मेलवर, रक्कम १० तारखेला बँकेत. प्रवास आणि नमुन्यांची ने-आण तुमच्या खर्चाने; नमुने आमचे.’

एजंटाने पहिल्या महिन्यात २,४०,००० रुपयांच्या ऑर्डरी आणल्या. त्यातला १५,००० चा माल परत आला, १,७५,००० वसूल झाले आणि ५०,००० उधारीत राहिले. वरच्या अटीप्रमाणे त्याला १०,५०० रुपये मिळतात आणि उधारी वसूल झाल्यावर आणखी ३,०००. पत्रात नुसतेच ‘विक्रीवर ६ टक्के’ असते, तर त्याने १४,४०० मागितले असते आणि त्याची मागणी अगदीच गैर म्हणता आली नसती.

एजंटाच्या बाजूनेही दोन गोष्टी पत्रात हव्यात. त्याने जोडलेल्या दुकानाने दुसऱ्यांदा माल थेट कारखान्याकडून मागवला, तर कमिशन मिळेल का? आणि काम सोडल्यावर आधीच्या ऑर्डरींची वसुली झाली, तर ती कोणाच्या खाती? यावर मौन बाळगणारा मालक सहसा ते विसरलेला नसतो. वसुलीची रोकड एजंटाच्या हातातून जाणार असेल, तर आणखी सावध राहावे. कलम २१७ नुसार मालकाच्या वतीने हाती आलेल्या रकमेतून एजंट आपला मोबदला कापून घेऊ शकतो. हे नको असेल, तर पैसे थेट कंपनीच्या खात्यातच भरले जावेत, असे आधीच ठरवावे.

कमिशनमधून होणारी करकपातही सांगून टाकावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून विमा वगळता इतर कमिशनवर टीडीएसचा दर ५ वरून २ टक्के झाला आणि २०२५-२६ पासून वर्षाला २०,००० रुपयांपर्यंत कपात नाही. मर्यादा ओलांडली की कपात वरच्या रकमेवर नव्हे, वर्षभराच्या सगळ्या कमिशनवर होते. आपल्या एजंटाला दुसऱ्या महिन्यात ११,००० मिळाले, तर एकूण २१,५०० वर ४३० रुपये कापले जातील. पूर्वकल्पना नसेल, तर त्याला हा हिशेबातला घोळ वाटतो.

अफिलिएटचा, म्हणजे इंटरनेटवर दिलेल्या दुव्यावरून झालेल्या विक्रीवर कमिशन देण्याचा प्रकार याच कुळातला. ॲमेझॉनने १९९६ मध्ये आपला असा कार्यक्रम सुरू केला. इथे ऑर्डरबुकाऐवजी दुवा किंवा कूपन कोड असतो, त्यामुळे विक्री कोणाच्या नावे मोजायची हाच वादाचा मुद्दा होतो. दुव्यावर टिचकी मारल्यापासून किती दिवसांतली खरेदी धरायची, दोघांच्या दुव्यांवरून गिऱ्हाईक आले तर श्रेय कोणाला, आणि स्वतःच्या दुव्यावरून केलेली खरेदी चालेल का, हे पत्रात हवे. माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत कमिशन रोखून ठेवण्याची प्रथा आहे. ही मुदतही दिवसांत लिहावी.

पत्राच्या शेवटी ‘अटी मान्य’ असे उत्तर मागवतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०अ नुसार करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणावरून तो निष्फळ ठरत नाही. त्यामुळे ही मेल जपून ठेवावी आणि टक्केवारी बदलायची झाल्यास फोनवर न आटोपता त्याच साखळीत नवी तारीख घालून कळवावे.

फसवे पत्र ओळखणे फारसे अवघड नाही. त्यात टक्केवारीऐवजी ‘अमर्याद कमाई’ असते, मालाचे नाव मोघम असते आणि ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘किटचे पैसे’ मागितलेले असतात. कमाई माल विकून नव्हे, तर नवी माणसे जोडून होणार असेल, तर तो पिरॅमिडचा प्रकार. थेट विक्रीसाठीच्या २०२१ च्या ग्राहक संरक्षण नियमांनी त्याला बंदी आहे.