गोल्फ न खेळणाऱ्या देशाची गोल्फगाडी

१९७०च्या दशकात अमेरिकेच्या गोल्फ मैदानांवर पोलंडमध्ये बनलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या दिसू लागल्या. त्या स्वस्त होत्या. तिथल्या गाडी बनवणाऱ्यांनी सरकारदरबारी तक्रार केली की हे डंपिंग आहे.

नुसतं स्वस्त विकणं म्हणजे डंपिंग नव्हे. घरच्या बाजारातल्या भावापेक्षा किंवा उत्पादनखर्चापेक्षा कमी भावात परदेशी विकलं, तर ते डंपिंग. वाहतूक, विमा वगैरे वजा करून दोन्ही भाव कारखान्याच्या दारापर्यंत आणतात आणि मग तुलना करतात. समजा, घरचा भाव १००० रुपये आणि निर्यातीचा ८००. मधला २०० रुपयांचा फरक हे 'डंपिंग मार्जिन'. हा फरक भरून काढायला त्या आयातीवर जो जादा कर लावतात, ते अँटी-डंपिंग शुल्क; ते मार्जिनहून जास्त लावता येत नाही.

असं विकणारा वेडा नसतो. कर्जाचं व्याज, जागेचं भाडं, कायम कामगारांचा पगार हे माल बनला नाही तरी द्यावंच लागतं. एका नगाला कच्चा माल आणि वीज मिळून ६०० लागत असतील, तर ८०० ला विकूनही २०० हाती राहतात. घरी भाव पाडला तर तो सगळ्याच गिऱ्हाइकांना द्यावा लागेल, म्हणून जादा माल बाहेर जातो. आयात करणाऱ्या देशातल्या कारखानदाराला मात्र व्याजासकट सगळा खर्च त्याच बाजारातून काढायचा असतो. तो ९५० ला विकत असेल तर त्यालाही ८०० वर यावं लागतं. माल खपतो, पण हप्ते थकतात. हे नुकसान झालं आणि ते याच आयातीमुळे झालं, हे दाखवल्याशिवाय शुल्क लागत नाही.

पोलंडच्या गाडीचा घरचा भाव काय धरायचा? तिथे गोल्फ खेळतंय कोण! शिवाय भाव सरकार ठरवायचं, त्यामुळे तिथला खर्चाचा हिशोबही अमेरिकेला मान्य नव्हता. म्हणून कॅनडातल्या एका लहान उत्पादकाचा भाव धरला आणि १९७५ मध्ये डंपिंग झाल्याचा निकाल दिला. पुढे त्या कॅनडावाल्याने गाड्या बनवणंच थांबवलं. मग अशी गाडी न बनवणारा स्पेन निवडला. पोलंडच्या कारखान्यात किती साहित्य आणि किती तास मजुरी लागते ते मोजायचं, आणि त्याला दर स्पेनचे लावायचे!

हसू येतं खरं, पण आपल्याकडेही याच जातीचा हिशोब चालतो. भारतात तक्रारीची चौकशी व्यापार उपाय महासंचालनालय करतं, शुल्काचा निर्णय अर्थ मंत्रालय घेतं. आपले भाव बाजारच ठरवतो हे चिनी कंपनीला पटवून देता आलं नाही, तर तिचा 'घरचा भाव' बहुतेक वेळा भारतातल्या उत्पादनखर्चात वाजवी नफा मिळवून काढतात. म्हणजे मोजपट्टी बऱ्याचदा तक्रारदाराच्याच खातेवहीतून येते.