सम संख्येचा फसवा दिलासा: हजेरीच्या फाइलमधले राहिलेले आणि जुळे पंच

पगाराआधी हजेरीच्या मशीनमधून एक्सपोर्ट केलेली फाइल हातात आली की बहुतेक जण सर्वांत आधी एकच गोष्ट बघतात: कोणाचे पंच विषम आहेत? आत आल्याचा एक आणि बाहेर गेल्याचा एक, म्हणजे दिवसाचे पंच जोडीनेच यायला हवेत. तीन किंवा पाच दिसले, तर कुठेतरी घोळ आहे. हा तर्क बरोबरच आहे, पण तो उलटा लावता येत नाही. सम संख्या दिसली म्हणून दिवस बिनचूक ठरत नाही, आणि पगारापर्यंत पोचणाऱ्या चुका बहुधा या सम संख्येच्या आडूनच निसटतात.

एका कर्मचाऱ्याचा एक दिवस पाहू. शिफ्ट नऊ ते सहा, आणि जेवायला जाताना-येताना पंच करायची पद्धत. म्हणजे दिवसाला चार पंच अपेक्षित. फाइलमध्ये हे दिसतं:

```
00417  09:01:12
00417  09:01:16
00417  13:04:50
00417  18:06:33
```

चार अपेक्षित, चार हजर. विषम पंचांच्या यादीत हा दिवस येणारच नाही. पण मशीनला या नोंदी आत-बाहेर म्हणून कळत नाहीत असं धरू (अनेक ठिकाणी तशीच मांडणी असते), तर सॉफ्टवेअर क्रमाने जोड्या लावतं: पहिला पंच आत, दुसरा बाहेर, तिसरा आत, चौथा बाहेर. मग हा माणूस सकाळी चार सेकंद कामावर होता आणि दुपारनंतर ५ तास १ मिनिट ४३ सेकंद, असा हिशेब निघतो. एवढे तास पाहून दिवस अर्धा धरला जाऊ शकतो. सॉफ्टवेअर ‘पहिला आत, शेवटचा बाहेर’ या नियमावर चालत असेल, तर त्याच चार ओळींमधून ९ तास ५ मिनिटं निघतात आणि जेवणाची सुट्टीही कामात धरली जाते. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. खरं काय घडलं, तर सकाळी बोट दोनदा लागलं आणि जेवणाच्या वेळचा एक पंच राहिला. एक नोंद जास्त, एक कमी, आणि बेरीज पुन्हा चारच.

संगणकशास्त्रात ही मर्यादा फार पूर्वीपासून ओळखीची आहे. माहिती पाठवताना तिच्यासोबत एक जादा बिट जोडतात, ज्यामुळे त्यातल्या १ या अंकांची एकूण संख्या सम राहते. याला पॅरिटी बिट म्हणतात. वाटेत एक बिट बदलला, तर संख्या विषम होते आणि चूक पकडली जाते. दोन बिट बदलले, तर संख्या पुन्हा सम होते आणि काहीच कळत नाही. शिवाय चूक आहे हे कळलं तरी ती कुठे आहे, हे एकटी पॅरिटी सांगत नाही. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडलेल्या पद्धतीत म्हणूनच एकाऐवजी अनेक तपासण्या एकमेकींवर रचलेल्या आहेत. हजेरीलाही तेच लागू होतं. पंच मोजणं ही एक तपासणी झाली. तिच्या आधी जुळ्या नोंदी वेगळ्या काढणं ही दुसरी. हा क्रम बदलून चालत नाही. आधी जुळे, मग राहिलेले. वरच्या उदाहरणात 09:01:16 ची ओळ बाजूला काढली की तीन पंच उरतात आणि दिवस लगेच विषम म्हणून पुढे येतो.

जुळी नोंद मुख्यतः दोन वाटांनी येते. एक माणसाची: बीप ऐकू आला नाही, बोट पुन्हा ठेवलं. अशा दोन पंचांमध्ये काही सेकंदांचं अंतर असतं. दुसरी फाइलची: मशीनमधला डेटा आधी एकदा घेतला होता, पुढच्या वेळी घेताना तारखा एकमेकींवर आल्या आणि तीच ओळ दोनदा आली. इथे अंतर बरोबर शून्य सेकंद असतं, आणि असं एका माणसाचं नसून त्या दिवसांतल्या सगळ्यांचं झालेलं दिसतं. शून्य अंतराच्या नोंदी ठरावीक तारखांना गठ्ठ्याने दिसल्या, तर कर्मचाऱ्यांना काही विचारायची गरजच नाही. फाइल पुन्हा नीट घ्यायची.

किती अंतरापर्यंतचे पंच जुळे धरायचे? हा आकडा दुसऱ्या कुठल्या कार्यालयातून उसना घेऊ नये, आपल्याच फाइलला विचारावा. प्रत्येक माणसाच्या लागोपाठच्या पंचांमधली अंतरं काढा आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. बहुधा एक घोळका काही सेकंदांपाशी दिसेल, दुसरा सुट्ट्यांच्या मिनिटांपाशी, आणि तिसरा कामाच्या तासांपाशी. पहिल्या दोन घोळक्यांच्या मधे जी रिकामी जागा असते, तिथे सीमा ठेवायची. ती जागा दोन मिनिटांच्या आसपास असेल, तर एक्सेलमध्ये हे काम असं होतं. A रकान्यात कर्मचारी क्रमांक, B मध्ये तारीख-वेळ, आणि फाइल आधी A मग B प्रमाणे लावलेली. नोंदी दुसऱ्या ओळीपासून आहेत. D2 मध्ये 0 लिहा आणि D3 पासून खाली:

```
=IF(AND(A3=A2,ROUND((B3-B2)*86400,0)<=120),1,0)
```

एक्सेल वेळ साठवतं ती दिवसाचा अपूर्णांक म्हणून. म्हणून ८६४०० ने गुणल्यावर सेकंद मिळतात. ROUND हवाच, कारण अपूर्णांकातल्या बारीक फरकामुळे नेमकी सीमेवरची नोंद कधी आत तर कधी बाहेर जाते. D मध्ये १ आला ती ओळ जुळी. ती पुसू नका. खूण असू द्या. कोणी विचारलं की ही नोंद का मोजली नाही, तर ओळ समोर दाखवता आली पाहिजे.

सीमा वाढवण्याची किंमतही असते. कोणी बाहेर जाऊन दीड मिनिटात खरोखर परत आला, तर त्याचा परतीचा पंच जुळा ठरतो आणि तो दिवस उगाच विषम दिसतो. म्हणून ही खूण म्हणजे निकाल नाही, पुन्हा बघायची जागा आहे.

एक जागा अशी आहे, जिथे हे सगळं आपल्याच हाताने बिघडतं. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली, की वेळ पुष्कळदा तास-मिनिटांपर्यंतच दिसते. सेकंद आत असतात. पण तीच फाइल सीएसव्ही म्हणून पुन्हा सेव्ह केली, की जे पडद्यावर दिसतं तेच लिहिलं जातं आणि सेकंद कायमचे जातात. मग चार सेकंदांच्या अंतराने झालेले दोन पंच एकाच वेळेचे दिसतात, आणि बोट दोनदा लागलं की फाइल दोनदा आली, हे ओळखायची खूणच नाहीशी होते. थेट उघडण्याने 00417 चा 417 देखील होतो. दुसऱ्या मशीनच्या यादीत तो 00417 च राहिला असेल, तर एकाच माणसाची दोन माणसं होतात आणि दोघांच्याही हजेरीत भोकं पडतात. त्यामुळे मूळ फाइल तशीच बाजूला ठेवावी, आणि काम करायची प्रत Data मधल्या From Text/CSV ने, क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून ठरवून आणावी.

आता राहिलेले पंच. मोजायचं दिवसागणिक, पण दिवस कुठे बदलतो हे आधी ठरवावं लागतं. रात्री दहा ते सकाळी सहा अशी रात्रपाळी घ्या. कॅलेंडरच्या एका तारखेत त्या माणसाचे दोन पंच पडतात: सकाळी 06:04 (काल रात्रीच्या पाळीतून बाहेर) आणि रात्री 21:56 (आजच्या पाळीत आत). सम संख्या, जोडी तयार, आणि हिशेबात १५ तास ५२ मिनिटं काम. प्रत्यक्षात तो तेवढा वेळ घरी होता. मधल्या प्रत्येक दिवशी हेच होतं, आणि संपूर्ण महिन्यात विषम संख्या दिसते ती फक्त पाळी सुरू झालेल्या आणि संपलेल्या तारखेला. उपाय साधा आहे: दिवस मध्यरात्री न तोडता, त्या पाळीतलं कोणी सहसा कामावर नसतं अशा वेळी तोडायचा. रात्रपाळीसाठी दुपारी दोन, दिवसपाळीसाठी पहाटे चार. दिवसपाळीच्या फाइलमध्ये E2 पासून कामाचा दिवस आणि F2 पासून त्या दिवसाचे खरे पंच:

```
=INT(B2-TIME(4,0,0))
=COUNTIFS(A:A,A2,E:E,E2,D:D,0)
```

रात्रपाळीसाठी चाराच्या जागी चौदा. F मधली संख्या विषम असेल किंवा शिफ्टच्या अपेक्षित संख्येपेक्षा कमी असेल, तर ती ओळ तपासणीच्या यादीत. ही दुसरी अट विसरू नये. जेवणाच्या वेळचे दोन्ही पंच राहिले, तर दोनच उरतात आणि तेही समच असतात. आणि ज्या दिवशी एकही पंच नाही, त्याची फाइलमध्ये ओळच नसते. तो दिवस शिफ्टच्या वेळापत्रकाशी आणि रजेच्या नोंदींशी ताडूनच सापडतो.

यादी हातात आल्यावर लोकांना मेल पाठवण्याआधी ती एकदा माणसांऐवजी मशीन आणि वेळ यांच्या क्रमाने लावून बघावी. एकट्याचा पंच राहतो तो विसरण्यामुळे. पण एकाच संध्याकाळी, एकाच दारावरच्या मशीनच्या पुष्कळ जणांचे पंच गायब असतील, तर ते लोक विसरलेले नाहीत. मशीनचं नेटवर्क तुटलं असेल, तर नोंदी मशीनच्याच मेमरीत पडून असतात आणि जोडणी आली की मागाहून सर्व्हरवर येतात. एक्सपोर्ट त्याआधी झाला, इतकंच. वीज जाऊन आतली बॅटरी संपलेली असेल, तर घड्याळ सुरुवातीच्या तारखेला जातं आणि पंच २००० सालच्या एखाद्या दिवशी लागलेले सापडतात. महिन्याच्या तारखा लावून एक्सपोर्ट केला, तर अशा नोंदी फाइलमध्ये येतच नाहीत. म्हणून तारखेची चाळणी न लावता एकदा सगळं काढून, महिन्याबाहेरच्या ओळी बघाव्यात. बोटाचा ठसा चुकीच्या माणसाशी जुळल्याचंही असंच कळतं: एकाचा पंच राहिलेला, आणि साधारण त्याच वेळी त्याच मशीनवर दुसऱ्याचा एक पंच जास्तीचा.

एवढं झाल्यावर जे उरतं ते माणसांना विचारायचं. सुरुवातीच्या उदाहरणात 13:04 चा पंच जेवायला जातानाचा असावा असं वाटतं, कारण सुट्टी एकला सुरू होते. पण तो लवकर परतल्याचा असण्याचीही शक्यता आहे. फाइल इथे थांबते. पुढचं उत्तर त्या व्यक्तीकडे आणि तिच्या वरिष्ठांकडे आहे. ही विचारणा पगाराचा हिशेब बंद करण्याच्या, म्हणजे क्लोजच्या दिवशी न करता आठवड्याला करावी, कारण तीन आठवड्यांपूर्वी जेवून किती वाजता परत आलो, हे कोणालाच आठवत नाही. त्यांनी सांगितलेली वेळ मूळ ओळीत न घालता नवी ओळ म्हणून जोडावी, मशीनच्या रकान्यात ‘हाताने’ असं लिहून, मंजुरी देणाऱ्याच्या नावासह. क्लोजनंतर मशीनकडून उशिरा नोंद आलीच, तर ती या ओळीशेजारी ठेवून पडताळता येते आणि फरक पुढच्या महिन्याच्या पगारात चुकता करता येतो.