ॲपल १९७६ ची की १९७७ ची? कंपनीची नोंदणी तारीख आणि धंदा सुरू झाल्याची तारीख

ॲपल कधी सुरू झाली विचारलं की बहुतेक जण १ एप्रिल १९७६ सांगतात, पण कंपनीचा स्वतःचा वार्षिक अहवाल काढून बघा, त्यात कित्येक वर्षं "१९७७ साली स्थापन झालेलं कॅलिफोर्नियातलं कॉर्पोरेशन" अशी ओळख छापलेली दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. १ एप्रिल १९७६ ला जॉब्स, वॉझ्नियाक आणि रोनाल्ड वेन या तिघांनी जो कागद केला तो भागीदारीचा होता, आणि कंपनी म्हणून नोंदणी झाली ३ जानेवारी १९७७ ला.

मधल्या काळात ते काय गप्प बसले होते का, तर नाही. ॲपल-१ या त्यांच्या पहिल्या कॉम्प्युटरचे बोर्ड बनत होते, बाइट शॉप नावाच्या दुकानाने ५० नगांची ऑर्डर दिली होती, सुटे भाग उधारीवर उचलले होते. म्हणजे धंदा जोरात चालू आणि कायद्याच्या दृष्टीने कंपनी अजून जन्मालाच आलेली नाही! उधारी थकली असती तर ती थेट भागीदारांच्या अंगावर आली असती. वेन १२ दिवसांतच बाहेर पडला त्यामागे हीच भीती होती, कारण त्याच्या नावावर थोडीफार मालमत्ता होती आणि वसुलीला लोक आधी त्याच्याकडेच आले असते.

हाच खरा फरक आहे. नोंदणीच्या तारखेपासून कंपनी ही वेगळी व्यक्ती होते, ती स्वतःच्या नावाने करार करू शकते, कर्ज घेऊ शकते. धंदा सुरू झाल्याची तारीख म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार कधी सुरू झाले ते, आणि तेव्हा व्यवहार करणारा दुसराच कुणी असू शकतो.

आता नोंदणीची नेमकी तारीख कुठे बघायची? कंपनीच्या वेबसाइटवरच्या "आमच्याबद्दल" पानावर नाही, तिथे जे वर्ष जुनं आणि भारदस्त दिसेल तेच टाकतात. जिथे कंपनी नोंदली गेली त्या ठिकाणचं सरकारी रजिस्टर उघडायचं. ब्रिटनचं कंपनीज हाउस फुकट आहे, नाव टाकलं की `Incorporated on` समोर दिवस, महिना, वर्ष मिळतं. नावापेक्षा नोंदणी क्रमांकाने शोधलेलं बरं, कारण एकाच ग्रुपमध्ये सारख्या नावाच्या पाच-सहा कंपन्या असतात आणि आपण भलतीचीच तारीख उचलतो. नाव बदललं तरी क्रमांक आणि तारीख तीच राहते.

अमेरिकेत जरा जपून. तिथे नोंदणी राज्याकडे होते, आणि डेलावेअरमधली कंपनी कॅलिफोर्नियात धंदा करायला आली की तिथेही तिला नोंद करावी लागते. मग कॅलिफोर्नियाच्या रजिस्टरमध्ये जी तारीख दिसते ती कंपनीच्या जन्माची नसते, त्या राज्यात आल्याची असते. म्हणून मूळ राज्य कुठलं ते आधी बघायचं आणि तिथल्या रजिस्टरमध्ये जायचं.

उलटा प्रकारही तितकाच कॉमन आहे, कंपनी आधी आणि धंदा नंतर. समजा ब्रिटनमध्ये कंपनी १२ मार्च २०२४ ला नोंदली, मग बँक खातं, परवाने यात वेळ गेला आणि पहिला व्यवहार झाला २० जूनला. कंपनीज हाउसला द्यायचे पहिले हिशोब १२ मार्चपासून धरतात आणि साधारणपणे ३१ मार्च २०२५ ला संपतात, पण कॉर्पोरेशन टॅक्सचा पहिला कालावधी मात्र २० जूनपासून सुरू होतो, आणि धंदा सुरू झाल्याचं टॅक्स खात्याला ३ महिन्यांत कळवावं लागतं. एकाच कंपनीच्या दोन सरकारी कागदांवर दोन वेगळ्या सुरुवाती, आणि दोन्ही खऱ्या.

याचाच फायदा घेऊन काही लोक आधीच नोंदवून ठेवलेल्या रिकाम्या कंपन्या विकतात. घेणारा नाव बदलतो आणि दुसऱ्या दिवसापासून "दहा वर्षं जुनी कंपनी" म्हणून मिरवतो. ओळखायचं कसं, तर रजिस्टरमध्ये जुनी नावं, संचालक कधी बदलले आणि आधीच्या वर्षांचे हिशोब बघायचे. सगळी वर्षं `Dormant`, म्हणजे काहीच व्यवहार नसलेली, म्हणून भरलेली, मग एकाच आठवड्यात नाव, पत्ता आणि संचालक बदललेले दिसले की समजा, नोंदणीची तारीख खरी आहे पण अनुभव कालपरवाचा आहे. धंदा खरंच कधी सुरू झाला हे रजिस्टरच्या एका रकान्यात सापडत नाही, ते पहिल्या बिलावरून, टॅक्सच्या नोंदीवरून किंवा ज्या पहिल्या हिशोबात विक्रीचा आकडा दिसतो त्यावरूनच काढावं लागतं.