तांदूळ की भात? दोन ॲप आणि एक ताट

रविवारी दुपारी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी नेहमीचंच जेवण होतं. दोन पोळ्या, वाटीभर भात, वाटीभर वरण, वर तूप आणि तर्रीदार वांग्याची भाजी. वहिनींनी त्यांच्या फोनमधल्या ॲपमध्ये ताट भरलं आणि आकडा आला ५८० कॅलरी. मी माझ्या ॲपमध्ये तेच भरलं, तर १०५९. वहिनी म्हणाल्या, "बाप्पा! भाऊजी, तुम्ही काय माझ्या पाठीमागे पुन्हा एकदा जेवून घेतलं का?"

मग आम्ही दोघांनी एकेक पदार्थ शेजारी शेजारी ठेवून पाहिला. पोळ्यांमध्ये ७० चा फरक होता आणि वरणात ८५ चा. भाजीत माझं ॲप उलट १५ नी कमी होतं. उरलेले ३३९ एकट्या भातात होते.

आम्ही दोघांनीही भात दीडशे ग्रॅमच लिहिला होता. पण मी सर्च करताना इंग्रजीतला राईस निवडला होता, आणि इंग्रजीत तांदळाला आणि भाताला एकच शब्द आहे. मराठी माणूस ही चूक बोलताना कधीच करणार नाही, ॲपमध्ये मात्र सहज करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय पदार्थांची तक्ते-पुस्तिका काढली. तिच्यात १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळाची ऊर्जा ३५६ कॅलरीच्या आसपास आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या माहितीसाठ्यात १०० ग्रॅम शिजलेला पांढरा भात १३० कॅलरीचा आहे. आकडे दोन्ही बरोबर आहेत. शिजताना तांदूळ पाणी पितो, त्याचं वजन वाढतं, पण पाण्याला कॅलरी नसते. तीच ऊर्जा जास्त ग्रॅममध्ये पसरते, इतकंच. माझ्या ॲपने मला दीडशे ग्रॅम कच्चा तांदूळ खायला घातला होता.

वरणाचंही तसंच. वहिनींच्या ॲपमधलं वरण दीडशे ग्रॅमचं आणि साधं होतं. माझ्या ॲपने 'एक बाऊल' म्हणून हॉटेलातलं, फोडणी दिलेलं घट्ट डाळ फ्राय मोजलं. आपली वाटी किती मोठी, हे ॲपला कुठून ठाऊक असणार? त्याचा उपाय सोपा आहे. वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवा, काटा शून्य करा आणि वाटी पाण्याने भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. आमच्या घरात 'वाटी' म्हणवणारी चार भांडी निघाली. सगळ्यात लहानात ११० आणि सगळ्यात मोठीत २२० मिलिलिटर पाणी मावलं.

पुढच्या रविवारी वहिनींनी तोच बेत केला आणि मी वजनकाटा घेऊन ओट्याशी उभा राहिलो. (दादा म्हणाला, जेवायला बसू द्या रे कोणी.) पद्धत अशी की कच्चा माल तोलायचा, त्याची एकूण ऊर्जा काढायची, मग शिजलेला पदार्थ गंजासकट, म्हणजे पातेल्यासकट, तोलून गंजाचं वजन वजा करायचं. तांदूळ ३०० ग्रॅम होता, म्हणजे १०६८ कॅलरी. भात झाला ८४० ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमला १२७. अमेरिकेच्या १३० च्या इतका जवळ आकडा आला की मलाच गंमत वाटली. माझ्या दीडशे ग्रॅम भाताचे १९१ झाले. तूरडाळ १२० ग्रॅम होती आणि तिचं पातळसर वरण झालं ७२० ग्रॅम. त्यातल्या एका वाटीचे ८३, वर चमचाभर तुपाचे ४५. दोन पोळ्यांना ६० ग्रॅम कणिक आणि घडीत लावलेलं चार ग्रॅम तेल मिळून २२८.

मग भाजी आली. पाच जणांसाठी ६०० ग्रॅम वांगी, वाटणात वीस ग्रॅम सुकं खोबरं, आणि तेल. वहिनी तेल पळीने घालतात, मोजत नाहीत. मी बरणी आधी आणि नंतर तोलली. ९० ग्रॅम तेल गेलं होतं. चरबीच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या, तर नुसत्या तेलाच्या ८१०. वांगी आणि खोबरं मिळून फार तर २८०. एकूण १०९०, प्रत्येकाच्या वाट्याला २१८.

आता मागे वळून पाहा. भाजीला वहिनींच्या ॲपने ११० दिले होते आणि माझ्याने ९५. सगळ्या ताटात दोन्ही ॲपचं सगळ्यात जास्त जमलं ते याच पदार्थावर, आणि याच पदार्थावर दोघंही निम्म्याने चुकले. कारण दोघांच्याही साठवणीतली वांग्याची भाजी माणशी चमचाभर तेलात होते. आमच्या घरी माणशी अठरा ग्रॅम तेल पडतं, म्हणजे जवळजवळ चार चमचे. ताटाची खरी बेरीज आली ७६५. दोन ॲप जुळली म्हणून आकडा खरा ठरत नाही. दोघांनी एकच चुकीचं गृहीत धरलेलं असू शकतं.

अर्थात २१८ हीसुद्धा सरासरीच. तर्री वर तरंगते आणि दादा गंजातून वरवरचंच घेतो. नागपुरात हा गुन्हा मानत नाहीत. पंधरा मिलिलिटर तेल जास्त आलं, तर त्याच्या ताटात सव्वाशे कॅलरी वाढतात आणि तळातली भाजी घेणाऱ्याच्या तितक्याच कमी होतात. हे कुठलंही ॲप पकडणार नाही.

वहिनींना मधुमेह आहे, म्हणून त्या कॅलरीपेक्षा कर्बोदकं जास्त पाहतात. तिथे फरक आणखी फसवा असतो. आपल्या तक्त्यात १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे ५५ ग्रॅम कर्बोदकं आहेत, अमेरिकी साठ्यात तुरीला सुमारे ६३. त्याची दोन कारणं आहेत. तिथली तूर म्हणजे सालासकट अख्खे दाणे, डाळ नव्हे. शिवाय तिथे तंतुमय भाग कर्बोदकांतच धरतात, आपण तो वेगळा दाखवतो. हा भाग रक्तातली साखर जवळजवळ वाढवत नाही. तेव्हा एखाद्या नोंदीत तंतूंचा रकाना दिसला, तर ते कर्बोदकांत मिसळलेत की बाहेर ठेवलेत, हे आधी पाहावं लागतं. शंका असली, तर डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी कोणत्या पद्धतीने मोजायला सांगितलंय ते विचारावं.

ॲप निवडताना मी चकचकीत आलेख पाहत नाही. सर्चमध्ये तांदूळ टाकतो आणि कच्च्या व शिजलेल्याच्या वेगळ्या नोंदी येतात का, नोंदीखाली आकड्याचा उगम लिहिलाय का, हे पाहतो. वापरणाऱ्यांनी भरलेल्या नोंदी साधा हिशेब करून तपासतो: प्रथिनं आणि कर्बोदकं गुणिले चार, चरबी गुणिले नऊ. वीस ग्रॅम प्रथिनं, दहा चरबी, तीस कर्बोदकं असतील, तर २९० च्या आसपास यायला हवं. तंतूंमुळे थोडं इकडेतिकडे चालतं. पण तिथे १८० लिहिलं असेल, तर कोणीतरी घाईत भरलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःची पाककृती कच्च्या वजनाने भरून शिजलेलं एकूण वजन टाकता येतं का, ते बघतो.

वहिनींच्या ॲपचा आकडा ७६५ च्या जास्त जवळ होता, तरी आम्ही दोघांनी माझंच ठेवलं, कारण त्यांच्यात पाककृती भरायची सोय नव्हती. भाताची नोंद एकदा बदलली की झालं. भाजी मात्र 'वहिनींची वांगी, ९० ग्रॅम तेल' अशा नावाने भरून ठेवली आहे. हे नाव वाचल्यापासून त्यांनी पळी बदलली.