पासबुकाच्या पानावर शिल्लक कुठे चुकली? पहिली चुकीची ओळ शोधून शाखेत अर्ज कसा द्यावा

पासबुकातल्या प्रत्येक ओळीचा हिशेब एकच असतो: आधीच्या ओळीची शिल्लक, त्यातून या ओळीची नावे रक्कम वजा, जमा रक्कम अधिक, म्हणजे या ओळीची शिल्लक. पानाचा स्क्रीनशॉट हाताशी असेल तर कॅल्क्युलेटर घेऊन हे दहा मिनिटांत तपासता येते. पहिली चुकीची ओळ नेमकी दाखवली की शाखेतल्या कर्मचाऱ्याला पूर्ण पान चाळावे लागत नाही.

सुरुवात कोणत्या टोकाने करायची ते आधी पाहा. छापील पासबुकात जुनी नोंद वर असते, पण मोबाईल ॲपच्या पडद्यावर बहुधा नवीन नोंद वर असते. तिथे खालून वर मोजायचे. उलट दिशेने मोजल्यामुळे सगळ्याच ओळी चुकलेल्या दिसल्याने घाबरलेली माणसे मी पाहिली आहेत.

उदाहरणादाखल हे पान घ्या. मागील पानावरून आलेली शिल्लक १८,४५०.

| तारीख | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|
| ३ एप्रिल | १,२५० | | १७,२०० |
| ५ एप्रिल | | ५,००० | २२,२०० |
| ८ एप्रिल | ३,००० | | १९,२०० |
| १० एप्रिल | १,८६० | | १५,४८० |
| १२ एप्रिल | | ६,२०० | २१,६८० |

पहिल्या तीन ओळी बरोबर आहेत. १० एप्रिलला १९,२०० मधून १,८६० गेले तर १७,३४० उरायला हवेत, छापले आहेत १५,४८०. तफावत १,८६०. हीच पहिली चुकीची ओळ. आता १२ एप्रिल तपासताना आपण काढलेले १७,३४० धरायचे नाहीत, छापलेले १५,४८० धरायचे. त्यात ६,२०० मिळवले की २१,६८० येतात, म्हणजे ती ओळ बरोबर आहे. स्वतःचा आकडा पुढे नेला तर खालच्या सगळ्या ओळी चुकलेल्या दिसतील आणि दुसरी खरी चूक असलीच तर ती त्यांत लपून जाईल.

ओळी जास्त असतील तर स्प्रेडशीटमध्ये C मध्ये नावे, D मध्ये जमा, E मध्ये शिल्लक भरा. सुरुवातीची शिल्लक E2 मध्ये ठेवा आणि F3 पासून खाली हे सूत्र ओढा. शून्य नसलेला पहिला आकडा तुमची ओळ दाखवतो.

```
=ROUND(E3-(E2-C3+D3),2)
```

तफावतीच्या आकड्यावरून कारणाचा माग लागतो. इथे ती नावे रकमेइतकीच आहे आणि पुढची ओळ जुळते. म्हणजे तेवढीच आणखी एक नावे नोंद खात्यात पडली असावी, पण ती या पानावर नाही. दोन स्क्रीनशॉट जोडताना मधली ओळ कापली गेली असेल, छपाईत सुटली असेल, किंवा तीच रक्कम खरोखर दोनदा कापली गेली असेल. मात्र लागोपाठ दोन ओळी चुकल्या आणि तफावत तेवढीच, पण उलट चिन्हाची आली, तर पहिल्या ओळीची शिल्लकच बहुधा चुकीची वाचली आहे: ३ चा ८ झाला असेल. तफावत रकमेच्या दुप्पट असेल तर ती रक्कम नावेऐवजी जमा रकान्यात, किंवा उलट, धरली गेली आहे.

खूण मूळ पासबुकावर कधीही करू नका. स्क्रीनशॉटची मूळ प्रत तशीच ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर त्या ओळीशेजारी बाण काढून लिहा: ‘अपेक्षित १७,३४०, छापील १५,४८०, फरक १,८६०’.

अर्ज करण्याआधी त्याच तारखांचा खातेउतारा काढा, कारण बँकेच्या दृष्टीने स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. उताऱ्यात सुटलेली नोंद सापडली आणि ती तुमचीच असेल, तर पासबुक पुन्हा छापून घेतले की काम झाले. ती तुम्ही केलेलीच नसेल, तर हा हिशेबाचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी बँकेला कळवा. ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी केलेल्या अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवून दिले.

अर्ज खातेदाराने द्यावा. अल्पवयीन मुलाच्या खात्यासाठी पालक अर्ज देतात. सोबत मूळ पासबुक, खूण केलेली प्रत, खातेउतारा आणि ओळखपत्र न्या. अर्जात पान, तारीख आणि फरक एवढेच लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ही पोच पुढे लागते: ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. खाते पतसंस्थेत असेल तर हा मार्ग नाही. तिथे तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात तीच कागदपत्रे द्यायची.