टे-सॅक्सचा तक्ता आणि साखरेची शेपटी

भाची एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, परवा बायोकेमिस्ट्रीचा तक्ता पाठ करत बसली होती. एका रकान्यात रोग, दुसऱ्यात गायब एन्झाइम, तिसऱ्यात काय साठतं ते. म्हटलं अगं, पहिले दोन रकाने कळले की तिसरा आपोआप निघतो.

शाळेत लयकारिका शिकलोय ना, पेशीतल्या "आत्मघाती पिशव्या"? नाव भीतिदायक, काम भंगारवाल्याचं. मेंदूच्या पेशींच्या आवरणात गँग्लिओसाइड नावाचे रेणू असतात, स्निग्ध बुंधा आणि त्याला साखरेची शेपटी. लयकारिका ही शेपटी टोकाकडून एकेक साखर कापत सोडवते, मधूनच नाही कापता येत, आणि दर साखरेला कात्री वेगळी. एक कात्री नसली की काम तिथेच थांबतं, पुढच्या कात्र्या धडधाकट असूनही नुसत्या बसून राहतात. म्हणजे साठतं काय? त्या कात्रीची साखर टोकाला असलेला तुकडा.

टे-सॅक्स या आनुवंशिक रोगात जीएम२ नावाचं गँग्लिओसाइड साठतं, त्याच्या टोकाला एन-अ‍ॅसिटाइलगॅलॅक्टोसामाइन, ही हेक्सोसामाइन जातीची साखर. ती कापणारं एन्झाइम हेक्सोसामिनिडेज ए, नावातच उत्तर आहे!

परीक्षेच्या प्रश्नात बाळ साधारण सहा महिन्यांचं असतं, आवाजाला दचकतं, शिकलेलं विसरायला लागतं, डोळ्यात चेरीसारखा लाल ठिपका. तो ठिपका खरं तर नॉर्मल जागा आहे. आजूबाजूच्या चेतापेशी जीएम२ने फुगून पांढुरक्या होतात, मधोमध त्या पेशीच नसतात म्हणून मागचा लाल रंग दिसतो. लंडनच्या वॉरन टे यांनी हे १८८१ मध्ये पाहिलं होतं, लयकारिका सापडायच्या कितीतरी आधी. पण ठिपका नीमन-पिक या दुसऱ्या साठवण रोगातही दिसतो, तिथे यकृत-प्लीहा मोठे होतात, टे-सॅक्समध्ये नाही.

आता माझा आवडता भाग. हेक्सोसामिनिडेज ए म्हणजे अल्फा आणि बीटा अशी जोडी, बी म्हणजे दोन्ही बीटा. टे-सॅक्समध्ये अल्फाचं जनुक बिघडतं, म्हणून ए जातं पण बी राहतं, त्यामुळे रक्तातलं एकूण हेक्सोसामिनिडेज मोजलं तर नॉर्मल वाटू शकतं आणि आपण फसतो. मग सीरम साधारण ५० अंशांवर तापवतात. ए उष्णतेने मरतं, बी टिकतं, आधी-नंतरचा फरक म्हणजे ए. फरक जवळपास शून्य आणि बी भरपूर, तर टे-सॅक्स. बीटाच बिघडलं तर दोन्ही जातात, तो सँडहॉफ रोग, तिथे जीएम२सोबत ग्लोबोसाइडही साठतं आणि यकृत-प्लीहासुद्धा मोठे होऊ शकतात. आणि क्वचित ए, बी दोन्ही ठीक असूनही बाळ आजारी असतं, कारण जीएम२ला आवरणातून उचलून कात्रीसमोर धरणारं अ‍ॅक्टिव्हेटर प्रथिनच नसतं.

आणि हो, असं बाळ झालं की "ग्रहणात बाहेर गेली होतीस का" म्हणून आईला धारेवर धरणारे अजून भेटतात. अहो, जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आईकडून आणि बाबांकडून, दोघांकडून येते, दर गरोदरपणात चारात एक शक्यता. ग्रहण असो वा नसो.

भाचीने मग तक्त्यातल्या पुढच्या रोगाचं विचारलं, गोशेचं काय? म्हटलं साखळी आणखी पुढे सोडव, शेवटी एकच ग्लुकोज उरेल, ते न कापता आलं तर काय साठेल ते तूच सांग.