मनगट मुरगळलंय का स्कॅफॉइड मोडलंय? "एक्सरे नॉर्मल आलाय" हे उत्तर नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरातच. फुटबॉलचा सीझन सुरू झाला की दरवर्षी तेच ऐकतो, "पडलो, हात टेकला, एक्सरे काढला, नॉर्मल आलाय, मुरगळलंय नुसतं." आणि हे सांगणारा पोरगा आलेला असतो तीन-चार महिन्यांनी.

मुरगळणं सगळ्यांना माहितीय, त्यावर जास्त लिहीत नाही. लिगामेंट ताणतं, मनगट सुजतं, दुखतं आणि साधं असेल तर दोन-तीन आठवड्यांत बरंच उतरतं. लिगामेंट पूर्ण तुटलं तर तेही गंभीरच, पण तो वेगळा विषय. मनगटाच्या वरचं मोठं हाड मोडलं तर बहुतेकदा हात वाकडा दिसतो किंवा एक्सरेत सरळ दिसतं, तिथं सहसा कुणी फसत नाही.

फसतात ते स्कॅफॉइडला. अंगठ्याच्या बाजूचं, काजूएवढं, काजूसारखंच वाकडं हाड. पडताना तळवा पुढं टेकला की मनगट मागं दुमडतं आणि हे हाड मधोमध तडकतं. गंमत नाही, खरंच हात वाकडा होत नाही, सूज थोडीच येते, बोटं हलतात, मोबाईल धरता येतो. त्यामुळं 'मोडलं असतं तर एवढं हललं असतं का' असं घरचे म्हणतात आणि पेशंटलाही तेच पटतं.

आता एक्सरेचं. तडा केसाएवढा असतो, तुकडे सरकलेले नसतात, आणि हाड वाकडं असल्यानं साध्या दोन फोटोंत ते शेजारच्या हाडांवर चढलेलं दिसतं, मग पहिल्या दिवशी तडा दिसतच नाही. म्हणून करंगळीकडं मनगट वळवून स्कॅफॉइडचे खास फोटो काढायला लागतात, आणि तेही कधीकधी नॉर्मल येतात. दहा-चौदा दिवसांनी तड्याच्या कडेचं हाड थोडं विरघळतं, फट रुंदावते आणि तोच तडा दुसऱ्या एक्सरेत दिसायला लागतो. म्हणजे पहिला नॉर्मल एक्सरे 'अजून दिसत नाही' एवढंच सांगतो. 'मोडलेलं नाही' असं त्यात कुठंच लिहिलेलं नसतं.

मग ओळखायचं कसं? अंगठा वर ताणून धरा, मनगटाजवळ दोन शिरा उठतात (शिरा नव्हेत त्या, स्नायूंच्या दोऱ्या), त्यांच्या मधे खड्डा पडतो. त्या खड्ड्यात दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबा आणि मग चांगल्या हाताचं तसंच दाबून बघा. दुखऱ्या बाजूला तिथंच नेमकं कळ येत असेल, किंवा तळव्याकडून अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या घडीजवळच्या उंचवट्यावर दाबल्यावर, किंवा अंगठा त्याच्याच रेषेत मनगटाकडं ढकलल्यावर दुखत असेल, तर स्कॅफॉइड मोडलंय असं धरूनच चालायचं. यातले बरेच जण शेवटी साधे मुरगळलेलेच निघतात, हे खरं. तरी पक्कं होईपर्यंत मनगट स्प्लिंट किंवा प्लास्टरमध्ये ठेवायचं, दोन आठवड्यांनी परत तपासून एक्सरे, किंवा थांबायचं नसेल तर एमआरआय, त्यात पहिल्या काही दिवसांतच कळतं. क्रेप बँडेज गुंडाळणं म्हणजे आधार नव्हे, त्यात मनगट हलतंच. आणि चोळून घेणं, तेल लावून ओढून 'बसवून' घेणं, याचा मला मनापासून राग आहे.

एवढी घाई का, तर रक्तासाठी. ह्या हाडाला बहुतेक रक्त बोटांकडच्या बाजूनं शिरतं आणि उलटं मागं, कोपराकडच्या टोकाला जातं. उसाला पाटाचं पाणी देताना मधेच पाट फुटला तर शेवटच्या सऱ्या वाळतात ना, तसंच. मधे तडा पडला की मागचा तुकडा कोरडा पडू शकतो, मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतो आणि पुढं काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजतो.

माझ्याकडचा एक पोरगा, एकवीस वर्षांचा, टॅकलमध्ये उजव्या हातावर पडला. त्याच संध्याकाळी एक्सरे, दोन फोटो, नॉर्मल. गोळ्या आणि क्रेप. पाचव्या दिवशी सूज गेली, पंधराव्या दिवशी मैदानात. चार महिन्यांनी माझ्याकडं आला तेव्हा तक्रार एवढीच की जोर मारताना मनगट मागं दुमडत नाही आणि गाडीचा ॲक्सिलरेटर पिळताना अंगठ्याखाली कळ येते. खड्ड्यात बोट टेकवलं तर हात मागं ओढला त्यानं. परत एक्सरेला पाठवला, हाडाच्या मधोमध फट, कडा पांढऱ्या कडक झालेल्या, म्हणजे जुळायचं थांबलेलं. कमरेचं हाड घेऊन मधे भरलं, स्क्रू टाकला, आणि जुळल्याचं सीटी स्कॅनमध्ये दिसायला आणखी तीन महिने गेले. सुरुवातीलाच कळलं असतं तर अशा न सरकलेल्या मधल्या तड्याला बहुतेकदा आठ ते बारा आठवडे प्लास्टर पुरतं. आता तो खेळतोय, पण उजवं मनगट डाव्याएवढं मागं जात नाही, जोर तो मुठीवरच मारतो.